मुक्ताच्या रजेची चिठ्ठी, परत एकदा, या वेळी पूर्ण

दि. २४ जानेवारी २०२५, शुक्रवार

प्रति,
शिंदे बाई,
वर्गशिक्षिका, पाचवी ब

बाई नमस्कार,

मी मुक्ताची आई, रोल नंबर २३. काल तिच्या बाबांनी दिलेली चिठ्ठी घरी परत आली, त्यावर तुम्ही लाल पेनाने लिहिलंय, "कधी? का? कोणाला?" बरोबरच आहे, "मुलगी आजारी असल्याने येऊ शकली नाही तरी क्षमा असावी" एवढंच होतं त्यात, बाहेर रिक्षावाले काका हॉर्न देत होते आणि यांनी वहीचं मागचं पान फाडून उभ्या उभ्या लिहून दिलं. नावाचं म्हणाल तर दिवाळीनंतर वर्ग तुमच्याकडे आला हे आमच्या घरात फक्त मुक्ताला माहीत, ती पण "नव्या बाई" म्हणते, आडनाव मी काल रात्री ग्रुपवर विचारलं. सॉरी बाई.

तर मुक्ता सोमवार १३ ते बुधवार २२ जानेवारी गैरहजर होती. मधे १४ ला संक्रांतीची सुट्टी आणि १९ ला रविवार, म्हणजे शाळेचे ८ दिवस बुडाले. कारण कांजिण्या. रविवारी रात्री ताप आला, मला वाटलं तिळाचे लाडू वळताना खाल्ले त्याचं काहीतरी असेल, सकाळी बघते तर पोटावर पाठीवर पाणी भरलेले फोड. डॉक्टर म्हणाले सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळेत पाठवायचं नाही, तशा बुधवारी धरल्या म्हणून काल पाठवली. सर्टिफिकेटची झेरॉक्स सोबत आहे, ओरिजिनल लागलं तर सांगा.

अजून एक, पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते म्हणे, आणि शनिवारी ११ ला ती वर्गात होती, त्यामुळे तिच्या बाकावरच्या मुलींच्या घरी प्लीज कळवा, दोन-तीन आठवड्यांनी पण निघू शकतात. मीच ग्रुपवर टाकणार होते पण उगाच घबराट नको.

शनिवारचा स्कॉलरशिपचा सराव पेपर बुडलाय, शिल्लक असेल तर तिच्याकडे द्या, घरी घड्याळ लावून सोडवून घेते. वह्या पूर्ण करायला मात्र पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ द्या. २६ च्या लेझीमला ती मी जाणारच म्हणून हटून बसलीय पण अजून अशक्तपणा आहे, पाचव्या मिनिटाला खाली बसेल, तेव्हा तिला बघायलाच बसवा, तुम्ही सांगितलं तर ऐकेल, माझं ऐकत नाही.

आणि काही विचारायचं असेल तर फोन मलाच करा, बाबांना नको.

मुक्ताची आई
(सोबत: डॉक्टरांच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, आणि कालची चिठ्ठी)