सभासदत्वाचा राजीनामा, शेअर्सची रक्कम परत मिळणे व बेबाकी दाखला

दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष / मा. सचिव,
प्राथमिक शिक्षक सहकारी पतसंस्था मर्यादित

विषय : आंतरजिल्हा बदलीमुळे सभासदत्वाचा राजीनामा, शेअर्स व वर्गणी ठेवीची रक्कम परत मिळणेबाबत आणि बेबाकी दाखला मिळणेबाबत.

महोदय,

मी सुनील दत्तात्रय पाटील, उपशिक्षक, सभासद क्र. ८१२. माझी सांगली जिल्ह्यात बदली झाली असून २ जून रोजी मी कार्यमुक्त झालो. यापुढे पगारातून संस्थेची कपात होणार नाही. म्हणून मी सभासदत्वाचा राजीनामा देत आहे. तो येत्या मासिक सभेत मंजूर करावा, ही विनंती.

माझ्या पासबुकाप्रमाणे शेअर्सचे २४,००० रुपये जमा आहेत. पैकी ९,००० रुपयांचे ९० शेअर्स सुरुवातीचे आणि २०१९ साली तीन लाखांचे कर्ज घेताना पाच टक्क्यांप्रमाणे कापलेले १५,००० रुपयांचे १५० शेअर्स. जुलै २०१२ ते मे २०२५ या १५५ महिन्यांत दरमहा ५०० रुपयांप्रमाणे वर्गणी ठेव ७७,५०० रुपये झाली आहे. ती व्याजासह मिळावी. २०२४-२५ चा लाभांश वार्षिक सभेनंतर जाहीर होईल, तोही माझ्या खात्यावर जमा करावा. सभासद कल्याण निधी परत मिळत नाही हे मला ठाऊक आहे, त्याची मागणी नाही.

माझ्या कर्जाचा शेवटचा हप्ता मार्चच्या पगारातून गेला. कपात यादीत माझे नाव तसेच राहिल्याने एप्रिलच्या पगारातूनही ६,८५० रुपये कापले गेले. फोन केल्यावर मे महिन्यापासून कपात थांबली, पण एप्रिलची जादा रक्कम अजून संस्थेकडेच आहे. दोन्ही महिन्यांच्या पगारपत्रकाच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. ही रक्कमही हिशेबात धरावी.

आता जामीनकीचे. मी दोन सभासदांना जामीन होतो. एकाचे कर्ज डिसेंबर २०२३ मध्येच फिटले. कर्ज खाते क्र. १४०७ चे १,१२,००० रुपये येणे बाकी आहे, हप्ते मात्र एकदाही थकलेले नाहीत. ते कर्ज फिटेपर्यंत राजीनामा घेताच येणार नाही, असे मला खिडकीवर तोंडी सांगितले आणि अर्ज आवक न करता परत दिला. जामीनदार परगावी जाणार म्हटल्यावर संस्थेला काळजी वाटणारच, ते मी समजू शकतो. म्हणूनच कर्जदार गुरुजींशी बोलून दुसरा जामीनदार तयार केला आहे. ते संस्थेचे सभासद आहेत आणि त्यांची निवृत्ती अजून अकरा वर्षे लांब आहे. त्यांचे संमतीपत्र व कर्जदाराचा जामीनदार बदलाचा अर्ज सोबत आहे. सभेत आधी हा विषय घ्यावा व मग माझा राजीनामा. त्यानंतर अडचण राहू नये. तरीही नामंजूर करायचे असेल, तर पोटनियमाच्या क्रमांकासह लेखी कळवावे.

शेअर सर्टिफिकेटबद्दल एक सांगायचे आहे. जुलै २०२१ च्या पुरात मी चिपळूणला बाजारपेठेजवळ तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पाणी ओसरल्यावर ट्रंकेतल्या कागदांचा एकच चिकट गठ्ठा झाला होता. त्यातून सुरुवातीच्या ९० शेअर्सचे सर्टिफिकेट सोडवताना मधोमध फाटले, शाई फुटून अनुक्रमांकही दिसेनासा झाला. संस्थेचा गोल शिक्का तेवढा ओळखता येतो. तो तुकडा पाकिटात घालून जोडत आहे, सोबत पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरील हमीपत्र. १५० शेअर्सचे सर्टिफिकेट मूळ स्वरूपात आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २९ प्रमाणे एका आर्थिक वर्षात मागील ३१ मार्चच्या वसूल भागभांडवलाच्या दहा टक्क्यांपर्यंतच शेअर्स परत करता येतात. वर्ष नुकतेच सुरू झाले आहे, त्यामुळे मर्यादा संपली नसावी. बदलीवाल्यांची रांग मोठी असेल तर माझा क्रमांक कितवा, एवढे कळवावे. शेअर्ससाठी मी थांबेन.

बेबाकी दाखला मात्र त्यासाठी अडवू नये. सांगलीच्या बँकेत घरकर्जाचा अर्ज दिला आहे आणि तिथे हा दाखला मागितला आहे. माझ्या नावे कर्ज नाही. जामीनकी बदलली की दुसरे येणेही राहत नाही. तेव्हा ठराव झाला की दाखला लगेच द्यावा. त्यात सभासद क्रमांक, कर्जखाते बंद झाल्याची तारीख आणि जामीनदार म्हणून जबाबदारी उरली नसल्याचा स्पष्ट उल्लेख असावा.

सर्व रक्कम माझ्या पगाराच्या खात्यावरच जमा करावी, ते खाते मी बदललेले नाही. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का देऊन ती पत्र आणणाऱ्या माझ्या मेहुण्यांकडे द्यावी.

आपला विश्वासू,
सुनील दत्तात्रय पाटील
सभासद क्र. ८१२

सोबत : बदली व कार्यमुक्ती आदेश, शेअर सर्टिफिकेट (एक मूळ, एक फाटलेले), हमीपत्र, संस्थेचे पासबुक, मार्च व एप्रिलची पगारपत्रके, जामीनदार बदलाचा अर्ज व संमतीपत्र, बँक पासबुकाची झेरॉक्स.