विषय: स्टुटगार्ट येथील जलसंपदा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अर्जाबाबत मार्गदर्शनाची विनंती

आदरणीय अमोल सर,

सप्रेम नमस्कार. मी ऋतुजा, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपला ई-मेल आमच्या प्रकल्प मार्गदर्शक मॅडमनी दिला. आपण याच शाखेतून 2018 साली उत्तीर्ण होऊन स्टुटगार्ट विद्यापीठात वारेम हा अभ्यासक्रम केल्याचे त्यांच्याकडून कळले, म्हणून ओळख नसतानाही हे पत्र लिहीत आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात मी दहावीत होते. गावभागातील आमच्या दुकानात पाणी फळीच्या चौथ्या कप्प्यापर्यंत चढले होते. नंतर भिंती रंगवताना वडिलांनी त्या गाळाच्या रेषेवर रंग लावू दिला नाही. ती आजही तशीच आहे. पूर-प्रतिमानाचा विषय मी त्यामुळेच निवडला. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापासून आयर्विन पुलापर्यंतच्या पट्ट्याचे हेक-रासमध्ये द्विमितीय प्रतिमान करत आहे. तीस मीटरच्या उपग्रहीय उंची-माहितीत पाण्याखालचे पात्र दिसत नसल्याने पातळी अजून जुळत नाही. उद्देशपत्रात ही उणीव स्पष्ट लिहावी, की प्रतिमान सुधारेपर्यंत त्याचा उल्लेख मोघम ठेवावा, हा माझा पहिला प्रश्न आहे. मला स्वतःला स्पष्ट लिहिणेच योग्य वाटते.

दुसरा प्रश्न गुणांचा आहे. माझा सीजीपीए 8.12 आहे. जर्मन रूपांतराच्या सूत्रात उत्तीर्णतेचा किमान गुण 4 धरला तर 1.94 येतात आणि 5 धरला तर 2.13. आपल्या अर्जाच्या वेळी कोणता धरला गेला होता? तिसऱ्या सत्रात माझा एक विषय राहिला होता, तो पुढच्याच सत्रात सुटला. त्याचे स्पष्टीकरण न विचारता द्यावे का, हेही कृपया सांगावे.

एपीएस प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे. प्रति सत्र 1,500 युरो शुल्क आणि ब्लॉक्ड अकाउंटमधील 11,904 युरो यांचा हिशेब वडिलांसोबत बसून मांडला आहे. शैक्षणिक कर्ज काढावे लागेल. म्हणूनच तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की ऑक्टोबर 2026 च्या प्रवेशासाठी आताच अर्ज करावा, की जलसंपदा क्षेत्रात वर्ष-दोन वर्षे काम करून मग यावे? शिकत असताना आपल्याला अनुभवाची उणीव कुठे जाणवली, हे कळले तर घरी निर्णय घेणे सोपे जाईल.

सोबत गुणपत्रके आणि उद्देशपत्राचा दोन पानी मसुदा जोडला आहे. मसुदा पूर्ण वाचणे शक्य नसेल तर केवळ दुसरे पान पाहिले तरी चालेल, प्रकल्पाचा भाग तिथे आहे. उत्तर आपल्या सवडीने द्यावे. फोनवर बोलणे सोयीचे असेल तर आपण सांगाल त्या वेळी मी उपलब्ध राहीन.

आपली नम्र,
ऋतुजा
अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी
सांगली, 16 नोव्हेंबर 2025