खुलभर दूध
(श्रावणी सोमवारच्या कहाणीवरून श्रुतिका)

कालावधी : सुमारे १० मिनिटं

आवाज : निवेदक (स्त्री, कहाणी सांगणारी, भाषण करणारी नव्हे), राजा, प्रधान, पुजारी, दवंडीवाला, म्हातारी, सगुणा (तिची सून), गणू (नातू, सहा-सात वर्षांचा), शेजारीण, शिपाई, चार-पाच बायका-पुरुषांचा घोळका.

ध्वनिमुद्रणाआधी वाचा : गाभारा कुणाला दिसणार नाही, तो ऐकू आला पाहिजे. घागर भरत आली की ओतण्याचा सूर चढत जातो, हे नळावर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला ठाऊक असतं. आपली सगळी गोष्ट त्या सुरावर उभी आहे. ‘ओतणं अ’ : तळाला भोक असलेलं मोठं पिंप घ्या, पाणी साठू न देता ओतत राहा, आवाज खोल, जड आणि शेवटपर्यंत एकाच पट्टीत. ‘ओतणं ब’ : अरुंद गळ्याची तांब्याची घागर काठापर्यंत भरा, सूर चढताना माइक तोंडाशी हवा. दूध वापरू नका. माइकला फरक कळत नाही, आणि ही गोष्ट सांगताना दूध सांडणं आपल्याला शोभणारही नाही.

म्हातारीचा आवाज थरथरता करू नये. पहाटे उठून शेण काढणारी बाई आहे ती.

प्रसंग १

(ध्वनी : पावसाची भुरभुर, दूर. अभिषेकपात्रातून पिंडीवर थेंब, संथ. दगडी घुमारा. तीन थेंब जाऊ द्या, मग निवेदक.)

निवेदक : आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. राजा शिवभक्त, आणि हौसही राजाचीच. लोक बेलाचं पान वाहायचे, हा लाख वाहायचा. श्रावण लागला. रविवारी रात्री राजा गाभाऱ्यात बसला होता.

(ध्वनी : थेंब. थेंब.)

राजा : (घुमाऱ्यात) थेंब, थेंब, थेंब. देवाला ही काय चिंचोळी सेवा! प्रधानजी!

प्रधान : (दारातून, माइकपासून दूर) आज्ञा, महाराज.

राजा : उद्या हा गाभारा दुधानं भरायचा.

प्रधान : (जवळ येत) अभिषेक म्हणता? पाच घागरी सांगून ठेवतो.

राजा : अभिषेक नाही म्हटलं मी. गाभारा. पिंडी बुडाली पाहिजे, दूध उंबऱ्याला लागलं पाहिजे.

पुजारी : (चाचरत) महाराज, बोलू का? तिकडं गोमुख आहे. ओतलं की बाहेर जातं.

राजा : मग बोळा घाला!

(ध्वनी : ओला फडका दगडी भोकात ठासला जातो. लाकडी दांड्याचे दोन ठोके.)

प्रधान : पण एवढं दूध यायचं कुठून?

राजा : नगरात गोठे आहेत ना? मग झालं. सगळं आणा.

प्रधान : सगळं म्हणजे...

राजा : सगळं म्हणजे सगळं.

(ध्वनी : थेंब. त्यावर हलगीचा पहिला ठोका. क्रॉसफेड : गाभाऱ्याचा घुमारा जातो, उघडा चौक येतो.)

दवंडीवाला : (हलगी, चालत दुरून जवळ) ऐका हो ऐका! उद्या सोमवारी राजाचा हुकूम! घरातलं समदं दूध म्हादेवाच्या देवळात आणावं! वासराला पाजू नये, पोराला देऊ नये, इरजणाला ठिवू नये हो! (हलगी)

गणू : (माइकजवळ) आज्जे, आन् मांजराला?

म्हातारी : मांजराला दवंडी कळत न्हाई, बाळा. चल घरात.

(ध्वनी : हलगी लांबते. फेड आउट.)

प्रसंग २

(ध्वनी : पहाट. कोंबडा एकदाच, दुसऱ्यांदा आरवला तर तो चित्रपट होतो. गोठा : गळ्यातली घंटा, शेपटीचा फटकारा. रिकाम्या चरवीत धार, चुईं चुईं, अडखळत.)

शिपाई : आटप की बाई! देवळात रांग लागली.

शेजारीण : काय आटपू? गाय पान्हा चोरतीया. वासरू लावल्याबिगर सोडती व्हय ती?

शिपाई : वासरू लावायचं न्हाई. हुकूम हाय.

(ध्वनी : वासरू हंबरतं, दाव्याला हिसका. गाय उत्तर देते. घरातून तान्हं बाळ रडायला लागतं.)

शेजारीण : (रडवेली) त्याला तरी सांगा तुमचा हुकूम.

(ध्वनी : या रडण्यावर दुसऱ्या घरातलं रडणं, त्यावर तिसरं. दूर चार-पाच वासरं. बाळांचे तीन वेगवेगळे आवाज घ्या. एकच तुकडा फिरवला तर श्रोता दुसऱ्याच फेरीत ओळखतो. वाढत वाढत सगळं नगर. अर्धा मिनिट टिकवा. लांब वाटेल, वाटू द्या. मग एकदम ‘ओतणं अ’.)

प्रसंग ३

(ध्वनी : ‘ओतणं अ’, घुमाऱ्यात. घागरी दगडावर टेकण्याचे आवाज. घोळका. बाहेरचं रडणं दाराआडून येतं तसं, बारीक. या प्रसंगात ते एकदाही थांबत नाही.)

घोळका : हर हर महादेव! / पुढं सरका. / माझी घागर घ्या आधी.

राजा : (आनंदात) ओता! प्रधानजी, काठी टाकून बघा कुठवर आलं.

(ध्वनी : काठी दगडावर आपटते. टक्क.)

प्रधान : तळ लागतोय, महाराज.

राजा : ओता अजून!

(ध्वनी : ‘ओतणं अ’, तीच पट्टी. काठी : टक्क.)

प्रधान : तळच.

राजा : पुजारीबुवा, बोळा निघाला का?

पुजारी : (माइकपासून दूर, बाहेरून) नाही हो! गोमुख कोरडं ठक्क आहे!

राजा : मग दूध जातंय कुठं?

(विराम. कुणी उत्तर देत नाही. फक्त बाहेरचं रडणं. राजाला ते ऐकू येत नाही. श्रोत्याला यायलाच हवं.)

राजा : ओता.

(ध्वनी : ‘ओतणं अ’ हळूहळू फेड आउट. रडणं अर्धा क्षण मागं राहतं, मग तेही जातं.)

प्रसंग ४

(ध्वनी : म्हातारीचं अंगण. पाऊस थांबलाय, पागोळ्या. वासरू आचळाला लागलंय : चुप् चुप्, मधूनच ढुशी. इथं पहिल्यांदा कान निवले पाहिजेत.)

सगुणा : आत्याबाई, शिपाई आला तर?

म्हातारी : आला तर त्यालाबी घोटभर देऊ. तोंड बघितलंस त्याचं? सकाळधरनं उपाशी असंल. हं, तांबू, बास आता. सर बाजूला.

(ध्वनी : चरवीत धार, आता भरघोस, फेसात बुडणारी, घुस्स घुस्स.)

म्हातारी : ह्ये घे गणू, तुझा पेला. पुसू नको मिशी, ऱ्हाऊ दे. सगुणा, ही वाटी तुझी.

सगुणा : मला कशाला?

म्हातारी : अंगावर पोर हाय न्हवं तुझ्या? पी.

गणू : (पेल्यात तोंड घालून) आज्जे, देवाला?

म्हातारी : (हसत) उरलं की हे खुलभर. त्येवढं देवाचं.

(ध्वनी : लहान भांड्यात दूध ओतल्याचा आवाज, जेमतेम दोन सेकंद. चपला, काठी, कवाडाची कडी.)

प्रसंग ५

निवेदक : दुपार झाली. नगरातलं दूध संपलं, लोक घरी गेले. राजा वाड्यात जाऊन उपाशी आडवा झाला. देवळात कुणीच नव्हतं.

(ध्वनी : काठीचे ठोके, उघड्यावरून घुमाऱ्यात. घंटा एकदा, हलकी. बेलाची पानं.)

म्हातारी : (माइकच्या अगदी जवळ, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं) देवा म्हादेवा, राजानं लई वतलं म्हणं. माजं एवढंच हाय. वासरू पिलंय, पोरं पिलीत, सून पिली. आता तू पी.

(ध्वनी : खुलातली बारीक धार. थांबते. विराम, दोन सेकंद. आणि ओतणं थांबलेलं असताना ‘ओतणं ब’ अगदी खालून सुरू होतं, सूर चढत, चढत, काठाला येतो. उंबऱ्यावरून दूध ओघळतं. संगीत अजिबात नको. इथं सतार टाकायचा मोह होईल.)

म्हातारी : (साधेपणानं) भरलं की.

(ध्वनी : काठीचे ठोके दूर जातात.)

निवेदक : संध्याकाळी राजानं पाहिलं, गाभारा काठोकाठ. कुणी भरला? कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी तेच. नगराच्या दुधानं तळ झाकला नाही, आणि दुपारनंतर गाभारा भरला. तिसऱ्या सोमवारी राजा खांबाआड लपून बसला.

(ध्वनी : खुलातली धार, ‘ओतणं ब’, या वेळी लवकर. काठीचे ठोके. मध्येच राजाची झपझप पावलं.)

राजा : थांब! कोण तू?

(ध्वनी : काठी दगडावर पडते.)

म्हातारी : अभय द्या, म्हाराज. मग सांगते.

राजा : दिलं. काय मंत्र टाकलास? माझ्या हजार घागरी गिळल्या या गाभाऱ्यानं, तुझ्या एवढ्याशा भांड्यानं भरला?

म्हातारी : मंत्र न्हाई. म्हाराज, ते दार उघडा.

राजा : कुठलं?

म्हातारी : ह्येच, देवळाचं. आन् जरा ऐका.

(ध्वनी : जड दार करकरत उघडतं. प्रसंग २ मधलं रडणं आणि हंबरणं आत येतं, पूर्ण आवाजात, घुमाऱ्यासह. सहा सेकंद. राजाचा श्वास.)

राजा : हे... हे कधीपासून?

म्हातारी : तीन सोमवार झालं. तुमी वतत हुता, म्हणून ऐकू आलं न्हाई.

(विराम.)

राजा : प्रधानजी! (आवाज फुटतो, सावरून) प्रधानजी, दवंडी द्या. आधी वासरं, मग पोरं, मग घरची माणसं.

प्रधान : आणि देवाला, महाराज?

राजा : उरलं तर. नाही उरलं तर... (म्हातारीला) म्हातारे, नाही उरलं तर?

म्हातारी : उरतं, म्हाराज.

प्रसंग ६

(ध्वनी : चौथा सोमवार. दावी सुटतात, वासरं धावतात, घंटा. बायकांचं हसणं. कुठं तरी पाळणा. रडणं एकही नाही. मग देवळाचा घुमारा : लोटी, वाट्या, गडू, लहान लहान भांड्यांतून ओतणं. ‘ओतणं ब’ खाली मिसळून, चढत.)

घोळका : आमची वाटी. / आमचा गडू. / माझं घोटभरच हाय.

राजा : प्रधानजी, काठी.

(ध्वनी : काठी दुधात : डुबुक.)

प्रधान : महाराज, काठीच बुडाली!

(ध्वनी : सूर काठाला येतो, ओसंडतो. पावलांची पळापळ, चपचप.)

पुजारी : (ओरडत) अहो, माझं सोवळं भिजलं! सभामंडपात आलं दूध! तो बोळा काढा आधी!

राजा : (हसत) काढा, काढा बोळा!

(ध्वनी : बोळा निघतो : फट्. गोमुखातून धो धो धार. पोरांचा गलका.)

गणू : आज्जे! वाटी आण, वाटी! मांजराला बी आण!

निवेदक : (गलक्यावरून) ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण!

(ध्वनी : गलका तसाच चालू. त्यावर हलगी, जलद. श्रेयनामावली हलगीवरच वाचावी. कट.)