पाहुण्यांचा परिचय

आदरणीय मुख्याध्यापिका, शिक्षकवृंद आणि मित्रमैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

आज ३० सप्टेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली. या निमित्ताने आलेल्या आपल्या प्रमुख पाहुण्या गेली २० वर्षे न्यायालयात दुभाषी म्हणून काम करत आहेत. साक्षीदार बोलत असताना त्या छोट्या वहीत शब्दांऐवजी बाण, रेघा आणि खुणा मांडतात आणि तो थांबताच त्याचे म्हणणे, काहीही न गाळता, त्याच्याच ‘मी’मध्ये दुसऱ्या भाषेत सांगतात. (आमच्या वर्गाला दहा ओळींचा संवादही पाठ होत नाही, हे इथे कबूल करतो!) ती वही त्यांनी आज सोबत आणली आहे.

मॅडम, सर्वांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करून मी आपल्याला व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.