एप्रिल 2026 चा कॉल अहवाल: गर्दीचा तास आणि चुकलेले कॉल

दादा, नमस्कार.

नाशिकच्या वर्कशॉपच्या दोन्ही फोनच्या एप्रिलच्या नोंदी तपासून झाल्या. एसी-फ्रिजचा सीझन आणि कामाचे 26 दिवस. महत्त्वाचं आधी सांगतो: आपल्याला तिसरी लाइन नको आहे. सकाळी 10 ते 11 दुसरा फोन उचलणारं माणूस हवं आहे.

एक्स्चेंजमधून काढलेले आकडे जसेच्या तसे धरले तर फसगत होते. ग्राहकाला स्वागताचा मेसेज ऐकू आला, की `disposition` मध्ये `ANSWERED` पडतं, मग आपल्यापैकी कोणी बोललं असो वा नसो. शिवाय एक कॉल दोन्ही फोनवर वाजतो, म्हणून त्याच्या दोन-तीन ओळी होतात. त्या `linkedid` वरून एकत्र केल्या आणि टेबलावरचा फोन खरंच उचलला असेल तरच कॉल घेतला असं धरलं. असे 1,040 कॉल निघाले. त्यातले 39 जणांनी पाच सेकंदांच्या आत स्वतःच ठेवले, ते वगळले. उरले 1,001, त्यांपैकी 221 चुकले, म्हणजे 22.1 टक्के.

| वेळ | आलेले | चुकलेले | टक्के |
|---|---|---|---|
| 9–10 | 104 | 18 | 17.3 |
| 10–11 | 229 | 87 | 38.0 |
| 11–12 | 167 | 41 | 24.6 |
| 12–2 | 141 | 24 | 17.0 |
| 2–5 | 158 | 17 | 10.8 |
| 5–7 | 202 | 34 | 16.8 |

10 ते 11 मध्ये रोज सरासरी 8.8 कॉल येतात आणि एका कॉलला 3 मिनिटं 40 सेकंद लागतात. म्हणजे तासाभरात साधारण 32 मिनिटांचं बोलणं, 0.54 अर्लांग. इतक्या बोलण्याला किती कॉल चुकतील हे सांगणाऱ्या अर्लांग बी सूत्राने दोघं फोनवर असतील तर सुमारे 9 टक्के कॉल चुकायला हवेत. एकच जण असेल तर 35. आपले चुकले 38. त्या तासात घेतलेल्या 142 कॉलपैकी दुसऱ्या फोनवर फक्त 19 घेतले गेले. कारण तुम्हाला ठाऊकच आहे: त्याच वेळी मेकॅनिक जॉबकार्ड आणि गॅस-पार्ट घ्यायला काउंटरवर येतात आणि त्यांना सामान देणारी व्यक्ती आणि फोन घेणारी व्यक्ती एकच असते.

सोमवारी तर हाल होतात. रविवारचं साचलेलं येतं. चार सोमवारी मिळून या तासात 61 कॉल आले आणि 32 चुकले.

मला सगळ्यात लागलेला आकडा वेगळाच आहे. चुकलेल्या 221 कॉलमागे 163 नंबर आहेत, कारण काहींनी पुन्हा पुन्हा लावला. 71 जणांशी नंतर बोलणं झालं. उरलेल्या 92 जणांशी महिनाभरात एकदाही बोलणं झालेलं नाही. भर उन्हाळ्यात एसी बंद पडलेला माणूस दुपारपर्यंत थांबत नाही, दुसऱ्याला बोलावतो.

माझं म्हणणं असं: 4 मेच्या सोमवारपासून सामानवाटप 9:15 ला उरकायचं आणि 10 ते 11:30 दोन्ही फोनवर माणूस बसवायचं. चुकलेल्या नंबरांची यादी मी रोज 11:30 आणि 5 वाजता पाठवेन, तासाभरात सगळ्यांना उलट फोन गेला पाहिजे. त्या 92 नंबरांची यादी सोबत जोडली आहे.