स्नेहमेळाव्यासाठी १० जानेवारी चालेल का?

प्रिय मित्रा,

आपल्या शाळेच्या वर्गमित्रांच्या गटात तू टाकलेला, दोन दिवसांची सहल काढून स्नेहमेळावा करण्याचा प्रस्ताव वाचला आणि त्याखाली आलेले ‘नक्की भेटू’, ‘कळव, येतोच’ हे होकारही वाचले. असे होकार आपण सर्वांनी याआधीही दिले आहेत. तारीख कोणीच पुढे न केल्यामुळे ते हवेतच विरले. म्हणून माझा होकार तारखेसकट देतो.

रविवार, १० जानेवारी २०२७ रोजी सकाळी साडेदहा ते दुपारी चार या वेळेत आपण शाळेतच भेटावे, असे मी सुचवतो. तुझी दोन दिवसांच्या सहलीची कल्पना मलाही आवडली. परंतु कोणाची रजा, कोणाच्या मुलांच्या परीक्षा, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील, हे सारे पाहता मुक्काम म्हटला की निम्मे गळतील. मुख्याध्यापकांशी मी फोनवर बोललो असून लेखी अर्ज दिल्यास तळमजल्यावरचे सभागृह देण्यास त्यांची हरकत नाही. तळमजला मी मुद्दामच मागितला, कारण आपल्याला शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी काहींना आता जिना चढवत नाही.

खरे काम आहे ते माणसे शोधण्याचे. वर्गाच्या हजेरीपटावर ४६ नावे होती आणि गटात आपण २९ जण आहोत. उरलेल्या सतरांमध्ये बहुतेक मुली आहेत (पन्नाशीकडे झुकलो तरी आपण ‘मुली’च म्हणतो) आणि लग्नानंतर आडनावे बदलल्यामुळे जुन्या नावाने शोधून त्या सापडत नाहीत. निरोप समारंभाच्या माझ्याकडील फोटोच्या मागे रांगेनुसार सर्वांची नावे लिहिलेली आहेत. दोन्ही बाजू उद्या गटात टाकतो. ज्याला जिचा किंवा ज्याचा पत्ता लागेल, त्याने आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी आणि मगच नंबर गटात द्यावा.

३० नोव्हेंबरपर्यंत जे पक्के कळवतील, त्यांच्या संख्येवर जेवण सांगावे आणि खर्च समान वाटून घ्यावा. हिशेब तू ठेवावास, कारण सहलीचा हिशेब तू पै-पैसा जुळवून दिला होतास, हे अजून सर्वांच्या लक्षात आहे. कोणाला वर्गणी जड जात असेल, तर त्याने फक्त तुला सांगावे; त्याची चर्चा गटात नको. प्रत्येकाने उठून हुद्दा आणि पगार सांगण्याचा कार्यक्रमही नसावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पंधराच जण आले तरी भेट रद्द करू नये. तारीख एकदा पुढे ढकलली की ती ढकललीच जाते. शाळेची परवानगी काही कारणाने मिळाली नाही, तर त्याच दिवशी, त्याच वेळी माझ्या घरी जमू. गच्चीवर तीसेक माणसे सहज बसतात.

तुला ही तारीख चालते की नाही, एवढे शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे सोमवारी मी शाळेत अर्ज देऊन येतो.

तुझा,
मागच्या बाकावरचा सोबती