विषय: ३८,००० चा नफा आणि सोमवारचा प्रस्ताव

प्रिय अनिकेत,

तुझी शीट आणि प्रस्ताव दोन्ही नीट वाचले. आधी एक सांगते: ट्रेड लॉग उत्तम ठेवला आहेस. प्रत्येक सौद्याची वेळ, भाव आणि कारण लिहिलंस, आणि महिनाभरात स्वतःचा एकही नियम मोडला नाहीस. ही शिस्त मोठी गोष्ट आहे आणि ती मी मनापासून मोलाची मानते.

पण भांडवल १० लाखांवरून ५० लाखांवर न्यायचा प्रस्ताव मी सोमवारी मांडणार नाही. "चार एक्स्पायरी, चारही नफ्यात, ३८,००० रुपये, म्हणजे स्ट्रॅटेजी सिद्ध झाली" असं तू लिहिलंयस. या आकड्यांवरून तो निष्कर्ष निघत नाही. का, ते सविस्तर लिहिते.

तू दर आठवड्याला निफ्टीपासून ३ टक्के वरचा कॉल आणि ३ टक्के खालचा पुट विकतोस. निफ्टी एक्स्पायरीला या दोन भावांच्या मध्ये राहिला की मिळालेला प्रीमियम पूर्ण तुझा. अशा सौद्यात बहुतेक आठवडे नफ्याचेच असणार, कारण त्याची रचनाच तशी आहे. समज, शंभरातले ८५ आठवडे नफ्याचे. मग सलग चार आठवडे नफा होण्याची शक्यता ०.८५ चा चौथा घात, म्हणजे साधारण ५२ टक्के. आता तोट्याच्या आठवड्यात सरासरी नफ्याच्या सातपट जातात असं धर. तुझ्याच आकड्यांनी २० आठवडे मांडून पाहा: १७ आठवडे ९,५०० प्रमाणे आले १,६१,५००, तीन आठवडे ६६,५०० प्रमाणे गेले १,९९,५००. निव्वळ तोटा ३८,०००. म्हणजे हमखास पैसे घालवणारी स्ट्रॅटेजीसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा तुझ्यासारखाच बिनडागाचा महिना दाखवेल. ती चांगली असती तरी महिना असाच दिसला असता. दोन्ही शक्यतांमध्ये जो पुरावा जवळजवळ सारखाच दिसतो, त्याच्यावरून निवड कशी करायची?

८५ आणि सातपट हे आकडे मी गृहीत धरलेत, खरे तुला काढायचे आहेत. पण तोट्याच्या आठवड्याचा आकार तुझ्या शीटमध्ये कुठेच नाही, आणि या धंद्यातलं सगळं गणित तिथेच ठरतं. ऑप्शन विकणारा म्हणजे विमा विकणारा. ज्या महिन्यात एकही क्लेम आला नाही, त्या महिन्याच्या हिशेबावरून हप्ता पुरेसा आहे की नाही हे कळत नाही.

क्लेमचा आठवडा कसा असतो ते २०२४ च्या निवडणूक निकालाच्या आठवड्यात बघ. शुक्रवारी ३१ मे रोजी निफ्टी २२,५३० च्या आसपास बंद झाला. तुझ्या नियमाने २३,२०० चा कॉल आणि २१,८५० चा पुट विकला गेला असता. एक्झिट पोल आले आणि सोमवारी ३ जूनला बाजार मोठ्या गॅपने वर उघडला, बंद २३,२६४ ला. मंगळवारी निकाल लागले आणि तो जवळपास ६ टक्के कोसळून २१,८८४ ला थांबला. दिवसभरात तर त्याहून बराच खाली जाऊन आला. गुरुवारी ६ जूनला, म्हणजे एक्स्पायरीला, बंद भाव २२,८२१. जुन्या भावांवर चालवलेलं तुझं बॅकटेस्ट फक्त एक्स्पायरीचा बंद भाव बघतं, त्यामुळे त्यात हा आठवडा पूर्ण प्रीमियम मिळाला म्हणून हिरवा दिसतोय. मी मुद्दाम ती ओळ शोधली. प्रत्यक्षात तुझा "प्रीमियम दुप्पट झाला की बाहेर" हा स्टॉपलॉस सोमवारी कॉलला लागला असता आणि मंगळवारी पुटला. तोही दुप्पट भावाला मिळाला नसता. बाजार गॅपने उघडतो तेव्हा तुझा आकडा ओलांडून जो भाव असेल तोच घ्यावा लागतो. ज्या आठवड्याने सर्वात मोठा धडा द्यायचा, तो तुझ्या शीटमध्ये नफ्याचा आठवडा आहे. ही त्रुटी मला सगळ्यात गंभीर वाटते.

शिवाय डेटा जानेवारी २०२३ पासूनचा आहे. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला, लोअर सर्किट लागून व्यवहार थांबले. तो दिवस तुझ्या मॉडेलने पाहिलेलाच नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि याचं उत्तर प्रामाणिकपणे दे. ३ टक्के अंतर आणि दुप्पटचा स्टॉपलॉस, या जोडीवर तू कसा पोचलास? फोल्डरमध्ये मला ४० वेगवेगळ्या जोड्यांच्या फाइल्स दिसल्या. जिच्यात काहीच दम नाही अशी प्रत्येक जोडी निव्वळ योगायोगाने चाचणी पास होण्याची शक्यता ५ टक्के धरली, तरी ४० मधली निदान एक पास होण्याची शक्यता ८७ टक्के होते. (जोड्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या असल्याने हा आकडा थोडा कमी होईल, पण मुद्दा तोच.) प्रस्तावात तू फक्त जिंकलेली जोडी दाखवलीस. बाकीच्या ३९ सुद्धा दाखवायच्या, नेहमी.

किती काळ थांबायचं, असं तू विचारशील. ढोबळ हिशेब असा: वार्षिक शार्प रेशोला, म्हणजे चढउताराच्या तुलनेत मिळालेल्या परताव्याला, वर्षांच्या वर्गमुळाने गुणायचं आणि उत्तर २ च्या पुढे गेलं तर बोलायला जागा आहे. शार्प १ असेल तर चार वर्षं, ०.५ असेल तर सोळा. आणि क्वचित पण मोठा तोटा देणाऱ्या सौद्यांना हा हिशेबसुद्धा फार उदार आहे. म्हणूनच नुसत्या लाइव्ह निकालांवर विसंबून चालत नाही. हा नफा मुळात कोण देतंय आणि का देतंय, याचं उत्तर आधी हवं. पडझडीच्या भीतीने लोक पुटला जास्त किंमत मोजतात, हे एक खरं कारण आहे. त्यातलं ब्रोकरेज, एसटीटी आणि स्लिपेज जाऊन तुझ्या हाती किती उरतं, तेवढंच तुझं.

एक गोष्ट कामाबाहेरची, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. काल जेवताना तू म्हणालास की चिंचवडला बाबांच्या पीएफचे पैसे आलेत आणि तेही यात लावायचा विचार आहे. कृपा करून लावू नकोस. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ मधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला असं दिसलं, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. त्यातल्या अनेकांचे सुरुवातीचे महिने तुझ्यासारखेच छान गेले असतील. बाबांना पुन्हा कमवायला पस्तीस वर्षं मिळणार नाहीत. त्यांच्याशी बोलायला मी येऊ का? मी आनंदाने येईन.

पुढचं काम असं. १० लाखांवरच चालू ठेव आणि नियम आजपासून गोठव. मध्येच बदललास तर मोजणी शून्यापासून. बॅकटेस्ट २०१९ पासूनच्या मिनिटांच्या डेटावर पुन्हा चालव, स्टॉपलॉस गॅपनंतरच्या खऱ्या भावाला लागला असं धरून. आणि किती तोटा झाला की ही स्ट्रॅटेजी बंद करायची, तो आकडा आजच लिहून मला पाठव. तोटा सुरू झाल्यावर ठरवलेला आकडा मी मानणार नाही.

डेटाचा अॅक्सेस मी आज संध्याकाळपर्यंत मिळवून देते. बुधवारी साडेअकराला बाणेरच्या ऑफिसमध्ये बसू. ४० च्या ४० जोड्यांची शीट आणि जून २०२४ चा आठवडा मिनिटागणिक काढून आण.

– मीनल